पटावर नसलेलं पोर

आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर ज्या बाई होत्या, त्यांना अख्खी शाळा कसंबाई म्हणायची. तोंडावर नाही हं, तोंडावर नुसतं बाई. का, तर पोराचं गणित चुकलं की या बाई फुली मारायच्या नाहीत. कागद त्याच्यासमोर ठेवायच्या, हनुवटी तळहातावर टेकवायच्या आणि विचारायच्या, "कसं केलंस?" पोर सांगायचं, त्या ऐकायच्या. मध्ये एक शब्द बोलायच्या नाहीत. मला तर असलं बघूनच घाम फुटायचा. माझा चौथीचा वर्ग शेजारी, मध्ये पत्र्याचं पार्टिशन, आणि माझा लाल पेन वाऱ्यासारखा चालायचा. बरोबर, चूक, चूक, दहापैकी चार, पुढचा!

"अगं, दहापैकी चार म्हणजे काय?" त्या मला एकदा म्हणाल्या. "त्याला ताप आलाय की त्याचा पाय मोडलाय, ते कळलं का तुला?"

"बाई, माझ्याकडे एवढा वेळ नाही."

"मग फुल्या मारायला तरी कुठून काढतेस?"

अशा त्या. मी रागावले, धुसफुसले, आणि दुसऱ्या शुक्रवारी माझा गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. तेव्हापासून दर शुक्रवारी शाळा सुटली की आम्ही दोघी मिळून वर्कशीट तपासायचो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी मागची खोली होती त्यांची. भाऊ, वहिनी, भाच्या, सगळ्यांचं त्या प्रेमाने करायच्या, पण जीव मात्र इथे, या डुगडुगत्या टेबलावर.

पोरांच्या चुकांना त्यांनी नावं ठेवली होती. ५२ वजा ३८. उत्तर १४. पण एखादं पोर २६ लिहितं. का? तर दोनातून आठ जात नाहीत, मग ते आठातून दोन काढून मोकळं होतं. वर कोण, खाली कोण, त्याला काही घेणंदेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचा, बस्स. हा 'उलट्या'. दुसरं पोर २४ लिहितं. ते दशक बरोबर उसना घेतं, बारातून आठ गेले चार. पण पाचाचे चार करायला विसरतं. घेतलं, पण दिल्या घरी कमी झालंच नाही. हा 'फुकट्या'. आणि फुकट्याची गंमत सांगू? बाई पोरांना प्रत्येक वजाबाकीचा ताळा करायला लावायच्या, म्हणजे आलेल्या उत्तरात खालची संख्या मिळवून वरची येते का ते बघायचं. फुकट्या चोवीसात अडतीस मिळवतो, चार आणि आठ बारा, दोन लिहितो आणि हातचा एकही विसरतो. दोन आणि तीन पाच. आले बावन्न! ताळा जमला! दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि पोर खुशाल टाळ्या पिटतं. मी इतकी वर्षं असल्या उत्तरांवर डोळे मिटून लाल शेरा ठोकत होते.

आणि शून्य आलं की मग विचारूच नका. ५०३ वजा २६७. उत्तर २३६. कोणी शून्याचे नऊ करतं पण पाच तसाच ठेवतं, ३३६. कोणी शून्यावरून थेट उडी मारून पाचाकडून घेतं आणि शून्याखालचा सहा तसाच उतरवतं, २६६. बाई उत्तर बघून पोराचं नाव सांगायच्या. कागदावरचं नाव मी अंगठ्याने झाकायचे आणि त्या सांगायच्या. एकदाही हरल्या नाहीत. मी म्हणायचे, "बाई, तुम्ही जत्रेत बसा, पैसे मिळतील." त्या हसायच्या आणि गठ्ठा पुढे ओढायच्या.

म्हणून त्या शुक्रवारी मला आधी चेष्टाच वाटली. एका कागदावर नावच नव्हतं. पेन्सिलीने सोडवलेला, आकडे नीट, बाईंनी वर्गाला गिरवायला लावलेल्या वळणाचे. तसे ते सगळ्याच पोरांचे असायचे, एकाचा पाच झाकावा आणि दुसऱ्याचा काढावा. सगळं बरोबर, फक्त ५०३ मधून २६७ गेले २४६.

"हे वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "पाचाचे चार केले, शून्याचे दहा केले, तीनाचे तेरा केले. पण दहातून एक पुढे दिला, तर दहाचे नऊ करायला विसरलं. अर्धा रस्ता चाललंय पोर. कोण गं हे?"

"तुम्हीच सांगा की. जत्रेत बसणाऱ्या तुम्ही."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी हजेरी काढली, पटावरचं एकेक नाव घेऊन कागद लावला. सगळी पोरं हजर होती, सगळ्यांचे कागद मिळाले. हा एक उरला.

सोमवारी वर्गात विचारलं. कोणीच हात वर केला नाही. मी म्हटलं, जाऊ द्या, माझ्या वर्गातल्या एखाद्या टवाळाने सरकवला असेल. पुढच्या शुक्रवारी परत एक जास्त. त्याच्या पुढच्या परत. आणि दर वेळी तो गठ्ठ्याच्या अगदी तळाशी.

बाईंना त्या पोराने धरलंच. खरंच सांगते, दुसरा शब्द नाही. गठ्ठा आला की आधी तळाचा कागद ओढायच्या. एकदा त्यांनी ते सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले, आणि त्यांचा आवाज खाली गेला.

"बघ. आधी फक्त शून्यापाशी अडत होतं. आता बिनशून्याचीही चुकायला लागली. हे मागे चाललंय."

"म्हणजे?"

"पोरं पुढे जातात. कधी अडतात, महिनाभर तिथेच बसतात. आजारी पडली तर विसरतात, आणि मग सगळंच एकदम विसरतात. पण अशी पायरी पायरीने खाली उतरत नाहीत गं. मी आजवर असं पोर पाहिलेलं नाही."

बाहेर लख्ख ऊन होतं, मैदानावर कोणीतरी शिट्टी फुंकत होतं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग आला तो ६३५ वजा २७८ चा कागद. उत्तर हवं ३५७. या पोराचं २४७. मला काही अर्थच लागेना. बाईंनी चष्मा वर केला आणि कागद खिडकीशी धरला. खालच्या सातापाशी आणि दोनापाशी पेन्सिलीची बारीकशी रेघ होती.

"अगं बाई गं," त्या म्हणाल्या. "याला घरी कोणीतरी म्हातारं माणूस शिकवतंय."

"आता हे कशावरून?"

"आपण काय शिकवतो? वरच्या शेजाऱ्याकडून एक दशक उसना आणायचा, म्हणजे शेजारी एकाने कमी. जुन्या काळी वेगळं होतं. वर दहा द्यायचे आणि खालच्या शेजाऱ्याला एक वाढवायचा. उत्तर तेच येतं. पण हे पोर दोन्ही करतंय. वरचं कमीही करतं आणि खालचं वाढवतंही. पंधरातून आठ गेले सात. मग वरच्या तीनाचे दोन केले, खालच्या साताचे आठ केले. बारातून आठ, चार. वर सहाचे पाच, खाली दोनाचे तीन. राहिले दोन. दोनशे सत्तेचाळीस. दर उसन्याला एकदा जास्तीचं कापलं जातंय. शाळा एक सांगते आणि कानाशी बसलेलं म्हातारं दुसरंच सांगतंय."

"मग घरी निरोप पाठवू या."

"कोणाच्या घरी?" बाई म्हणाल्या.

पोरांना तोवर वास लागलाच होता. वर्गात शेवटचा बाक कोपऱ्यात रिकामा असायचा, तर त्यावर 'तो' बसतो म्हणे. तो म्हणजे कोण, तर तो. पिटुकली म्हणून एक मुलगी होती. एवढीशी, पहिल्या बाकावर बसायची, तिची आई पहाटपाळीला जाताना तिला शाळेत लवकर सोडून जायची. ती मला म्हणाली, "बाई, सकाळी मी येते ना, तेव्हा वर्गात कोणीच नसतं. पण तो बाक गरम असतो. हात लावून बघा."

"काहीतरीच बोलू नकोस!" मी तिच्यावर खेकसले. मग स्टाफरूममध्ये जाऊन गटागटा पाणी प्यायले.

हेडमास्तरांच्या कानावर गेलं. "शाळेत भुताटकी पसरवू नका," ते मलाच म्हणाले, जसं काही मी घुंगरू बांधून फिरत होते. पण बाईंचं काय करावं, ते त्यांनाही सुचेना. बाई त्यांना सरळ म्हणाल्या, "सर, एक पोर माझ्या वर्गात आहे आणि मला दिसत नाही. वार्षिकच्या आधी सापडलं नाही तर ते पार बुडेल. मग एक अधिक एकही राहणार नाही त्याच्याकडे. मला त्याला शोधायचंय." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या पोराचा रागच आला. कोण कुठलं, आणि माझ्या बाईंना छळतंय.

म्हणून मी ठरवलं, शुक्रवारी सगळ्यांच्या आधी यायचं आणि त्या टवाळाची मानगूट धरायची. शिपायाने फाटक कधीच उघडलं होतं. उजाडलं होतं. मैदान रिकामं, नळाखाली बादली भरत होती. मी व्हरांड्यातून चपला हातात घेऊन गेले, म्हणजे बघा. तिसरीच्या वर्गाचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून पेन्सिलीचा आवाज येत होता. खरखर, थांबणं, परत खरखर.

शेवटच्या बाकावर कसंबाई बसल्या होत्या. बाक लहान, गुडघे वर आलेले, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. समोर वर्कशीट. ओठ हलत होते, डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती. मला एकदम आठवलं. बाई कुठलंही वर्कशीट पोरांना देण्याआधी एक प्रत स्वतः पेन्सिलीने सोडवायच्या, पोरांच्या बाकावर बसून. कुठे अडेल, किती वेळ लागेल, ते त्यातून कळतं म्हणायच्या, आणि उत्तरपत्रिकाही तयार होते. मला वाटायचं, ती सवय त्यांनी कधीच सोडली.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीच नव्हतं त्या नजरेत. नुसतं थोडं भ्यायलेलं होतं.

"झालंच बाई," त्या मला म्हणाल्या. "दोनच राहिली."

आवाज त्यांचाच होता, पण बोलणं लहान मुलीचं होतं. त्यांनी घाईघाईने शेवटची दोन सोडवली, उठल्या, कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पदर सारखा केला. मग वळल्या तर तोंडभर हसल्या.

"अगं, तू आज लवकर कशी? मस्टरवर सही करून येते हं." आणि माझ्या शेजारून निघून गेल्या. मी शेवटच्या बाकाला हात लावला. गरम होता.

दिवसभर मी काय शिकवलं, देव जाणे. कोणाला सांगावं? भावाला? हेडमास्तरांना? पण बाईंना सोडून आधी दुसऱ्याला सांगणं मला जमेना, चहाडीच वाटली ती. शाळा सुटली. त्या गठ्ठा घेऊन आल्या, तळाचा कागद ओढला.

"अजून खाली गेलं गं," त्या म्हणाल्या. "आता मधूनमधून 'उलट्या'ही होतंय."

"बाई," मी म्हटलं, "मला एक करून दाखवाल? बहात्तर वजा पस्तीस."

"माझी परीक्षा घेतेस?"

"तसंच समजा."

त्यांनी हसून पेन्सिल उचलली. "दोनातून पाच जात नाहीत. दशक उसना घेऊ. बारातून पाच गेले, सात. साताचे झाले सहा." आणि मग तीनाच्या पायाशी त्यांनी ती बारीकशी रेघ ओढली. "तीनाचे चार. सहातून चार गेले, दोन. सत्तावीस."

"ताळा करा ना."

"सात आणि पाच बारा. दोन लिहिले, हातचा एक. दोन, तीन, आणि हातचा एक, सहा. बास..." त्या थांबल्या. वर बहात्तर होते. परत मिळवलं, परत बासष्ट. बेरीज त्यांची पक्की होती अजून. त्यांनी हळूच तळाचा कागद जवळ ओढला, स्वतःच्या आकड्यांशेजारी ठेवला. मग दोन्हीकडच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"जुनी रीत मला आमच्या बाबांनी शिकवली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं ते कधीच पुसलं गेलं."

मी त्यांचा हात धरला. मला रडू कोसळलं, त्यांना नाही. मी बरळत सुटले, डॉक्टर, औषधं, विश्रांती, भावाशी बोलते, असलं काहीबाही. त्यांनी मला गप्प केलं.

"ते बघू नंतर. आधी गठ्ठा घे. मी कोणाकोणाला हे दिलंय?"

हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. इतके दिवस आम्ही नसलेलं पोर शोधत होतो. आता ती चूक असलेल्या पोरांत शोधायला बसलो. एकेक कागद, एकेक वजाबाकी. उलटे, फुकटे, शून्यावरून उड्या मारणारे. बाईंचं बोट खालच्या अंकांच्या पायाशी फिरत होतं. बाईंचं हे सुरू व्हायच्या आधीच वर्गात वजाबाकी शिकवून झाली होती, म्हणून बहुतेकांना फळ्यावरचं तेच जुनं आठवत होतं. मी म्हणत होते, नाही बाई, कोणीच नाही, सुटलो.

एका कागदाशी त्यांचं बोट थांबलं. ७४ वजा २८, उत्तर ३६. दोनाच्या पायाशी रेघ. पुढची, त्याच्या पुढची, सगळी तशीच. वर पिटुकलीचं नाव, फुलाच्या चित्रासकट. रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी बाई तिला एकटीला पाटीवर शिकवायच्या, आई लवकर सोडून जाते, बिचारीचा वेळ जात नाही म्हणून. मागचा गरम बाक चाचपून झाला की ती पहिल्या बाकावर बसायची आणि बाई सांगतील ते जसंच्या तसं करायची.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "एवढी एकच मन लावून ऐकत होती," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पिटुकलीला शिकवायला मी बसले. बाईंनीच सांगितलं तसं. त्या तिच्या शेजारी, त्याच पहिल्या बाकावर दाटीवाटीने बसल्या. मी काड्यांचे दहादहाचे जुडगे बांधले. "हे वरचे चौऱ्याहत्तर. एक जुडगा सोड. आता वर किती जुडगे राहिले?" "सहा." "खालच्याला कोणी काही दिलं का?" पिटुकलीने काड्यांकडे बघितलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. "नाही. खालच्याला कशाला द्यायचं?" तिने रेघ खोडली, सेहेचाळीस लिहिले आणि खुदकन हसली. पोरंच ती, एका तासात उजळली.

"आता बाईंना देऊ एक?" तिने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पाटीवर गणित घातलं. त्र्याऐंशी वजा सेहेचाळीस. मी नको म्हणायच्या आत बाईंनी पेन्सिल घेतली. तेरातून सहा गेले, सात. आठाचे सात केले. हात थांबला. मला वाटलं, थांबल्या. मग त्यांनी चाराच्या पायाशी रेघ ओढली आणि सत्तावीस लिहिले. त्यांनी ताळा केला, त्र्याहत्तर आले, आणि त्या उत्तराकडे बघत राहिल्या. थेंब टपकन पाटीवर पडला.

पिटुकलीने आपल्या फ्रॉकच्या टोकाने पाटी पुसली. मग एक जुडगा बाईंच्या हातात दिला.

"रडू नका बाई," ती म्हणाली. "मलापण आधी नव्हतं येत."